आरई वॉलच्या साइटवर नव्याने आलात? मग लेअर, ग्रिड आणि वरचे दोन मीटर नीट समजून घ्या

नागपूरच्या आसपास उड्डाणपुलाचा रॅम्प चढताना दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या षटकोनी किंवा चौकोनी पॅनेलची भिंत दिसते. हीच आरई वॉल, म्हणजे रिइन्फोर्स्ड अर्थ वॉल. बहुतेकांना वाटतं, या पॅनेलनीच आतला भराव अडवून धरला आहे. डिप्लोमा किंवा बीई करून साइटवर आलेली मुलंही हीच समजूत घेऊन येतात आणि पहिले काही दिवस फक्त पॅनेलचा ओळंबा बघत बसतात. ओळंबा बघायलाच हवा, पण पॅनेलची जाडी जेमतेम 14 ते 18 सेंटिमीटर असते. सात मीटर उंच मातीचा रेटा एवढ्याशा जाडीने अडणार नाही. रेटा अडतो तो भरावात थराथराने अंथरलेल्या जाळीमुळे, म्हणजे ग्रिडमुळे, आणि ग्रिडवर पडलेल्या मातीच्या वजनामुळे. हे एकदा पटलं की साइटवर कुठे उभं राहायचं आणि कुणाला कशासाठी थांबवायचं, ते आपोआप कळतं.

मी हे लिहितोय ते पॉलिस्टर जिओग्रिड आणि काँक्रीट पॅनेलच्या वॉलबद्दल. लोखंडी पट्ट्यांच्या वॉलचे काही नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

1. आधी बादलीतला प्रयोग करून बघा

थोडी ओलसर वाळू बादलीत दाबून भरा, बादली उपडी करा आणि ढिगावर पाय ठेवा. ढीग फसकन पसरतो. आता तीच वाळू चार-चार बोटांच्या थरांनी भरा. प्रत्येक थरावर जुन्या मच्छरदाणीचा बादलीच्या मापाचा गोल तुकडा अंथरा आणि वरून दाबा. मग बादली उपडी करून पाय ठेवा. या वेळी ढीग वजन घेतो. फक्त कडेची वाळू दोन जाळ्यांच्या मधून थोडी थोडी गळत राहते.

वजन पडलं की माती बाजूला सरकू पाहते. सरकताना ती जाळीला घासते, जाळीच्या खणांत अडकते आणि जाळीला ताण देते. जाळी ताणाला मजबूत असल्याने तेवढ्या पट्ट्यात मातीचं सरकणं थांबतं. म्हणजे मातीला जो ताण स्वतःला घेता येत नाही, तो जाळी घेते. कडेची जी वाळू गळते, ती अडवायला पॅनेल. ही पद्धत 1960 च्या दशकात हेन्री व्हिदाल या फ्रेंच इंजिनिअरने रुळवली, तेव्हा जाळीच्या जागी धातूच्या पट्ट्या होत्या.

या प्रयोगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सगळ्यात वरचा मच्छरदाणीचा तुकडा चिमटीत धरून ओढला तर सहज निघून येतो, तळाचा मात्र निघत नाही. पुढे पाचव्या पायरीत हाच मुद्दा परत येणार आहे.

2. कागद आणि साहित्य हाताशी घ्या

काम सुरू होण्याआधी एवढं तुमच्या फायलीत असलं पाहिजे:

- मंजूर ड्रॉइंग, ज्यात प्रत्येक लेव्हलला कोणत्या ताकदीची आणि किती लांबीची ग्रिड आहे ते लिहिलेलं आहे
- भरावाच्या मातीचे रिपोर्ट: चाळणी, प्लास्टिसिटी, प्रॉक्टर, शिअर बॉक्स आणि पीएच
- ग्रिडचं टेस्ट सर्टिफिकेट, रोल नंबरसह
- पॅनेल कास्टिंगचं रजिस्टर
- लेअर चार्ट आणि रोजचे आरएफआय, म्हणजे तपासणीच्या विनंतीचे अर्ज

साइटवर ऑटो लेव्हल, ओळंबा, तीन मीटरची सरळ पट्टी, लाकडी पाचरी, पॅनेलचे क्लॅम्प, ग्रिड ताणायच्या खुंट्या, प्लेट कॉम्पॅक्टर आणि छोटा रोलर लागतो. मोठा रोलर सगळ्यांकडे असतोच, पण छोटा मागितला की "उद्या येतो" हे ठरलेलं उत्तर मिळतं. तो येईपर्यंत पहिला लेअर टाकू देऊ नका.

नियम बघायचे असतील तर आयआरसी:एसपी:102 आणि रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनचं कलम 3100 वाचा. दोन्ही मिळून फार पानं नाहीत.

3. मातीची निवड: नागपुरात खरी अडचण इथे आहे

काळी माती भरावात चालत नाही, यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो मुरमावर. आरई वॉलच्या ग्रिडच्या भागात जी माती भरायची, तिच्यात 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा बारीक भाग 15 टक्क्यांच्या आत हवा, प्लास्टिसिटी इंडेक्स 6 च्या आत हवा आणि घर्षणकोन किमान 30 अंश हवा. रस्त्याच्या साध्या भरावाला चालणारा पिवळा, मऊ मुरूम या परीक्षेत बऱ्याचदा नापास होतो. हातात कोरडा घेतला तर खडखडीत वाटतो. पाणी मारून रोलर फिरवला की त्याचा चिखल होतो, कारण दगड कुजून त्याची माती झालेली असते. म्हणून खाणीवरचा एक रिपोर्ट पाहून समाधान मानू नका. साइटवर दाबलेल्या लेअरमधून नमुना काढा आणि चाळणी पुन्हा लावा. दाबल्यावर बारीक भाग किती वाढला, ते तिथेच कळतं.

मुरूम बसत नसेल तर वाळू, क्रशरची चुरी किंवा दोन्ही मिसळून काम भागवतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख जवळ असल्याने तळ्यातली राख वापरण्याचाही विचार होतो, आणि ती नियमांत बसूही शकते. पण पॉलिस्टर ग्रिड फार अल्कधर्मी मातीत हळूहळू कमजोर होते. त्यामुळे राखेच्या प्रत्येक स्रोताचा पीएच तपासा आणि ग्रिडच्या उत्पादकाने लिहून दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. 9 च्या वर आकडा आला तर डिझायनरला विचारल्याशिवाय एकही हायवा आत घेऊ नका.

पायाखालची जमीनही याच पायरीत बघा. सात मीटर उंच भरावाचं वजनच चौरस मीटरला 130 किलोन्यूटनच्या वर जातं. मागच्या रेट्यामुळे पुढच्या कडेखाली ते 200 च्याही वर चढतं. काळ्या मातीवर हे थेट बसवायचं नसतं. ती काढून चांगला भराव करायचा की दुसरा उपाय करायचा, हे डिझायनर ठरवतो. तुमचं काम एवढंच की खोदाई झाल्यावर तळाशी काळ्या मातीचा पट्टा राहिलेला नाही ना, ते स्वतः खाली उतरून बघायचं.

4. पहिली रांग आणि लेअरची पाळी

पॅनेल ज्या काँक्रीटच्या पट्टीवर उभे राहतात ती लेव्हलिंग पॅड. साधारण 15 सेंटिमीटर जाड आणि बिनसळईची. तिचं काम भार घेण्याचं नाही, पॅनेल एका पातळीत बसवण्याचं आहे. इथे लेव्हलमध्ये एक सेंटिमीटरची चूक राहिली तर ती वरपर्यंत सांध्यांत दिसत राहते, त्यामुळे पॅड झाल्यावर प्रत्येक पॅनेलच्या जागी लेव्हल घ्या.

पॅनेल ओळंब्यात उभे करायचे नाहीत, किंचित आत झुकवून उभे करायचे. मागे माती दाबताना ते बाहेर सरकतात आणि मग ओळंब्यात येतात. किती झुकवायचं ते माती आणि रोलरवर ठरतं. पहिल्या दोन रांगांत प्रत्येक लेअरनंतर ओळंबा घ्या, पॅनेल किती सरकलं ते लिहून ठेवा, आणि त्यावरून पुढच्या रांगेचा झुकाव ठरवा. अंदाजाने ठरवणाऱ्यांच्या वॉलला पोट येतं.

मग एकच पाळी पुन्हा पुन्हा चालते. दाबून 20 सेंटिमीटर होईल एवढी माती पसरायची, पाणी जुळवायचं, दाबायचं. ग्रिडची लेव्हल आली की ग्रिड अंथरून पॅनेलला जोडायची, ताणायची, खुंट्या मारायच्या आणि वर पुढचा लेअर टाकायचा. या पाळीत चार जागी लक्ष हवं.

पहिली जागा म्हणजे ग्रिडची दिशा. या ग्रिडची ताकद एकाच दिशेला असते, रोल उलगडतो त्या दिशेला. तीच दिशा भिंतीला काटकोनात यायला हवी. घाईत कुणी रोल भिंतीच्या कडेने पळवला तर काम झटपट होतं, दिसायलाही नीट दिसतं, आणि भिंतीला ग्रिड जवळपास नसल्यासारखीच राहते. भिंतीपासून शेपटापर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत ग्रिड अखंड हवी. मध्ये जोड नको.

दुसरी जागा जोडाखालची माती. पॅनेलमधून ग्रिड जिथे बाहेर येते, तिथे खालची माती जोडाच्या पातळीपर्यंत, किंबहुना दोन-तीन सेंटिमीटर वर यायला हवी. पॅनेलजवळ माती कमी राहिली तर ग्रिड जोडापासून खाली लोंबते. पुढे वजन आल्यावर ती तिथेच मोडल्यासारखी वाकते आणि सगळा ताण जोडावर येतो. हे बघायला कोणतंही यंत्र लागत नाही. वाकून ग्रिडखाली हात घाला. बोटं आत शिरली तर लेअर परत.

तिसरी जागा भिंतीलगतचा दीड मीटर. इथे मोठा रोलर आणायचा नाही, फक्त प्लेट कॉम्पॅक्टर किंवा एक टनाच्या आतला छोटा रोलर. मोठा आणला तर पॅनेल बाहेर ढकलला जातो. छोटाही नीट फिरवला नाही तर तो पट्टा पोकळ राहतो, मग पावसात बसतो आणि जोडावर तोच परिणाम होतो. उर्वरित भागात मॉडिफाइड प्रॉक्टरच्या 95 टक्के घनता मागतात आणि वाळू बदलून घनता काढण्याची चाचणी सगळे तिथेच, मोकळ्या जागी घेतात. या पट्ट्यासाठी किती फेऱ्या लागतात ते आधी चाचणीच्या तुकड्यावर ठरवून घ्या आणि फेऱ्या मोजा. पॅनेलला चिकटून जो खडीचा निचऱ्याचा थर असतो, साधारण 60 सेंटिमीटर रुंद, त्यात मुरूम मिसळू देऊ नका.

चौथी, पसरण्याची दिशा. माती पॅनेलच्या बाजूने सुरू करून ग्रिडच्या शेपटाकडे सारत न्यायची, म्हणजे ग्रिडमधला ढिलेपणा मागे निघून जातो. उलट केलं तर सुरकुत्या पॅनेलजवळ जमतात. डोजर किंवा रोलरची चाकं उघड्या ग्रिडवर नकोत, किमान 15 सेंटिमीटर माती वर हवी.

मे महिन्यातल्या नागपूरची वेगळी गोष्ट. सकाळी मारलेलं पाणी दुपारी बारापर्यंत उडून जातं आणि रोलर कितीही फिरवला तरी घनता येत नाही. लेअर पहाटे पसरून सात-आठपर्यंत दाबून घ्या. ग्रिडचे रोलही उघड्यावर ठेवू नका, ऊन त्यांना मानवत नाही.

5. हिशेब: तळाला ग्रिड तुटण्याची भीती, वर निसटण्याची

आता एक उदाहरण ढोबळ आकड्यांत करू. डिझायनर याहून बरंच काही तपासतो, पण साइटवर निर्णय घ्यायला एवढं पुरेसं आहे.

वॉल 7 मीटर उंच. ग्रिड 5 मीटर लांब (उंचीच्या 0.7 पट हा नेहमीचा किमान आकडा). दोन ग्रिडमध्ये 60 सेंटिमीटर. मातीचा घर्षणकोन 32 अंश, वजन घनमीटरला 19 किलोन्यूटन. वर वाहतुकीचा भार चौरस मीटरला 24 किलोन्यूटन. या कोनाला आडव्या रेट्याचा गुणांक 0.307 येतो, म्हणजे उभ्या दाबाच्या जवळपास तिसरा हिस्सा.

आधी तळाजवळची, 6 मीटर खोलीची ग्रिड घ्या. उभा दाब 19 गुणिले 6 अधिक 24, म्हणजे 138. आडवा 42. एका ग्रिडच्या वाट्याला 60 सेंटिमीटरचा पट्टा येतो, म्हणून दर मीटर रुंदीला ताण सुमारे 25 किलोन्यूटन. दीडपट सुरक्षा धरली तर 38. आता 80 किलोन्यूटनची ग्रिड घेतली असेल तर नवख्या माणसाला वाटतं दुप्पट आहे, एखादी पायरी हलकी चालेल. पण 80 हा प्रयोगशाळेत एका झटक्यात तोडल्याचा आकडा. सतत ताणाखाली हळूहळू लांबत जाणं, टाकताना होणारी इजा आणि मातीतला रासायनिक परिणाम धरून तो 1.5, 1.15 आणि 1.1 ने भागला तर हातात 42 उरतात. म्हणजे 38 ला 42. साइटवर 80 च्या जागी 60 चा रोल गेला तर ती ग्रिड कमी पडते. रोलवरची पट्टी आणि ड्रॉइंगमधली लेव्हल रोज जुळवायची ती यासाठी.

ही तळाची ग्रिड उपटून मात्र येणार नाही. सरकू पाहणारी माती भिंतीमागे पाचरीच्या आकाराची असते, तळाला अरुंद आणि वर रुंद. 6 मीटर खोलीवर ती पाचर फक्त अर्धा मीटर रुंद आहे. उरलेली साडेचार मीटर ग्रिड स्थिर मातीत, सहा मीटर वजनाखाली दाबलेली. तिला ओढून काढायला दर मीटरला 500 किलोन्यूटनच्या आसपास जोर लागेल.

आता वर या, अर्ध्या मीटर खोलीवर. इथे ताण फक्त 6 किलोन्यूटन. पण पाचर इथे 3.6 मीटर रुंद झालेली आहे, म्हणजे स्थिर मातीत ग्रिड उरली 1.4 मीटर. तिच्यावर मातीही फक्त अर्धा मीटर. दोन्ही बाजूंचं घर्षण मिळून पकड येते साधारण 13 किलोन्यूटन. दुप्पट, ठीक आहे. वाहतुकीचं वजन पकडीत धरत नाहीत, कारण मागच्या स्थिर भागावर गाडी नसतानाही पकड पुरली पाहिजे.

आणि नेमकी हीच ग्रिड कापली जाते. दहा मीटर रुंद रॅम्पवर दोन्ही बाजूंच्या पाच-पाच मीटरच्या ग्रिडची शेपटं मध्यभागी येतात. दुभाजकात पथदिव्यांच्या केबलसाठी 1.2 मीटर रुंद चर खणली की दोन्ही बाजूंच्या वरच्या ग्रिड 60-60 सेंटिमीटर कापल्या जातात. असाच एक चर थांबवला तेव्हा मुकादम म्हणाला, "साहेब, दोन फूट कापलं तं काय होते? वर तं वजनच नाही राहत."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष उलटा होता. वजन नाही म्हणूनच पकड लांबीवर अवलंबून आहे. 1.4 मधले 60 सेंटिमीटर गेले की 0.8 मीटर राहतात आणि पकड 13 वरून साडेसातवर येते. गरज 6 ची. कागदावर वॉल अजून उभी आहे, पण सुरक्षेचा भाग जवळपास संपला. वर त्या चरीतली माती परत नीट दाबली नाही आणि पाणी मुरलं, तर उरलेलाही जाईल. चर परत बुजवली म्हणून कापलेली ग्रिड जोडली जात नाही.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करावा लागतो. केबलचा पाइप, पावसाच्या पाण्याचा पाइप, खांबाचा पाया, सगळ्यांच्या जागा पहिला लेअर टाकण्याआधी ड्रॉइंगवर आणून घ्या. पाइप दोन ग्रिडच्या मधल्या लेअरमध्ये, माती भरतानाच टाका. खांबाचा पाया ग्रिडच्या मध्ये येणारच असेल तर डिझायनरकडून आजूबाजूच्या ग्रिडची लांबी किंवा रचना बदलून घ्या. साइटवर कटरने निर्णय होत नसतो.

6. पाऊस

नागपूरचा पाऊस जूनच्या मध्यात येतो आणि एकेका संध्याकाळी खूप पडतो. अर्धवट वॉलसाठी ही सगळ्यात वाईट वेळ. दिवसाचं काम संपताना लेअरला भिंतीपासून मागे, उलट्या दिशेला उतार द्या आणि रोलरने पृष्ठ बंद करा. सपाट सोडलेल्या लेअरवर तळं साचतं. ते पाणी पॅनेलच्या मागे उतरतं, बारीक माती खडीत घालून निचऱ्याचा रस्ता बुजवतं आणि पॅनेलवर पाण्याचा रेटा येतो, जो हिशेबात धरलेलाच नसतो. भिजून मऊ झालेला लेअर पावसानंतर खरवडून काढा, त्याच्यावरच पुढचा टाकू नका.

प्रत्येक सांध्यामागे फिल्टर कापडाची पट्टी असते. ती चिकटवायचं काम कंटाळवाणं आहे आणि नंतर दिसत नाही, म्हणून राहून जातं. पहिल्या मोठ्या पावसानंतर वॉलच्या बाहेरून चालत जा. सांध्यातून स्वच्छ पाणी येत असेल तर निचरा चालू आहे. गढूळ पाणी किंवा पॅनेलवर पिवळे ओघळ दिसले तर आतली माती बाहेर येते आहे. वर त्याच जागी रस्त्याला खळगा पडलाय का, तेही लगेच बघा.

7. पॅनेल सरकलं तर

ओळंब्यात मीटर उंचीला 5 मिलिमीटरपर्यंतचा फरक साधारणपणे चालतो. तीन मीटरची पट्टी लावून पोट दिसलं तर काम थांबवा. बाहेर गेलेलं पॅनेल जॅकने आत ढकलण्याचा सल्ला हमखास मिळतो. ते करायचं नाही. त्याने मागची ग्रिड ढिली पडते आणि पॅनेलची कड फुटते. पॅनेलमागचे लेअर उकरून, ग्रिड मोकळी करून, पुन्हा बसवणं हाच मार्ग आहे. दोन लेअरनंतर हे अर्ध्या दिवसाचं काम असतं, सहा लेअरनंतर कुणीच तयार होत नाही. म्हणून ओळंबा दर लेअरला.

8. काम सोपवताना

शेवटच्या ग्रिडच्या वर, रस्त्याच्या थरांखाली रंगीत इशारा पट्टी टाकून घ्या. प्रत्यक्षात झालेल्या कामाच्या ड्रॉइंगमध्ये वरच्या तीन ग्रिडची खोली आणि लांबी ठळक लिहा. त्याची एक प्रत रस्त्याच्या खात्याला जातेच. दुसरी दिवाबत्तीचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराला सही घेऊन द्या, कारण दोन वर्षांनी त्या दुभाजकात खणायला तोच येणार आहे.